नायसिनची लाली, यकृत आणि एचडीएलचा आकडा

प्रतिक्रिया: "डॉक्टर, नायसिन मागे पडलं हे पटलं नाही. बाबांचं एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ३४ वरून ४५ झालं, तेही साध्या व्हिटॅमिनने. आधी गोळी घेतली की अंग लाल व्हायचं, म्हणजे औषध लागू पडत होतं. आता हळूहळू विरघळणारी गोळी तेवढ्याच मिलिग्रॅमची ऑनलाइन मागवतो, लालीही नाही. स्वस्त औषध कंपन्यांना नको असतं, एवढंच."

नमस्कार. आधी काकांच्या गोळीबद्दल बोलतो, बाकीचा वाद नंतर. साधी गोळी सोडून हळू विरघळणारी तेवढ्याच मिलिग्रॅमची सुरू करणं धोक्याचं आहे. ती आजच थांबवा आणि या आठवड्यात यकृताचे एसजीपीटी, एसजीओटी आणि साखर तपासून घ्या.

लाली येते ती त्वचेतून. तिथल्या काही पेशींवर नायसिनला प्रतिसाद देणारा रिसेप्टर असतो. तो चेतवला गेला की प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. म्हणून गोळीनंतर अर्ध्या तासात चेहरा, मान, छाती तापते, खाज सुटते आणि साधारण तासाभरात सगळं ओसरतं. आधी अ‍ॅस्पिरिन घेतली तर लाली कमी येते, कारण ती प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही. रोज गोळी घेणाऱ्याची लाली काही दिवसांत आपोआपही उतरते, पण कोलेस्टेरॉलवरचा परिणाम टिकून राहतो. त्यामुळे लालीवरून औषध लागू पडतंय की नाही, हे कळत नाही.

यकृतात नायसिनला दोन वाटा असतात. एक अरुंद, ती पटकन भरते, दुसरी रुंद. साधी गोळी एकदम रक्तात उतरते, अरुंद वाट तुंबते आणि बराचसा नायसिन रुंद वाटेने जातो. लाली या लोंढ्यामुळेच येते. औषध थेंबाथेंबाने सुटलं, तर बहुतेक सगळं त्या अरुंद वाटेने जात राहतं, आणि यकृताला इजा होते ती याच वाटेवर. १९९४च्या एका अमेरिकन अभ्यासात दोन्ही प्रकारच्या गोळ्या २३-२३ जणांना डोस वाढवत वाढवत दिल्या होत्या. हळू सुटणाऱ्या गोळीच्या गटात १२ जणांच्या यकृताला त्रास झाला, साध्या गोळीच्या गटात एकालाही नाही. पुढे रात्री एकदाच घ्यायची, मधल्या वेगाची एक्स्टेंडेड रिलीज गोळी आली. ती यकृताला बरी होती, पण तिचीही कमाल मात्रा २००० मिलिग्रॅमच ठेवली होती.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक यायचे. साधा नायसिन दिवसाला १५०० मिलिग्रॅम, तीन वेळांत विभागून. दुकानातून त्यांना हळू सुटणारा मिळाला, त्यांनी तोच तेवढाच सुरू ठेवला. सहाव्या आठवड्यात रिपोर्ट घेऊन आले, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११८ वरून ६१. ते खूश होते. मी विचारलं, "जेवण जातंय का?" म्हणाले, "चहाचा वाससुद्धा नको वाटतो." एसजीपीटी ४१० निघालं. यकृत थकलं की कोलेस्टेरॉल बनवणंच कमी करतं, म्हणून एलडीएल अचानक असं घसरलं तर मी आधी यकृत बघतो. गोळी बंद केल्यावर काही आठवड्यांत सगळं जागेवर आलं. काकांना मळमळ, अन्नावरची वासना उडणं किंवा गडद लघवी असेल, तर रिपोर्टची वाट न बघता दाखवा.

आता एचडीएल. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधं येण्याआधी, १९६६ ते १९७५ या काळात चाललेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत नायसिनने प्राणघातक नसलेले हार्ट अ‍ॅटॅक कमी केले होते. त्यामुळे तुमची आशा निराधार नाही, आम्हा डॉक्टरांनाही ती होती. पण स्टॅटिन घेणाऱ्यांना नायसिन जोडून काय होतं, हे बघायला एम-हाय नावाची चाचणी झाली. तिच्यात खोट्या गोळीतही ५० मिलिग्रॅम साधा नायसिन घातला होता, लालीवरून कुणाला काय मिळतंय हे ओळखता येऊ नये म्हणून. नायसिनच्या गटात एचडीएल ३५ वरून ४२ झालं, म्हणजे काकांसारखंच वाढलं. हृदयविकाराचं प्रमाण मात्र दोन्ही गटांत १६ टक्क्यांच्या आसपासच राहिलं आणि २०११ मध्ये चाचणी वेळेआधीच थांबवली.

कंपन्यांचं म्हणाल, तर एका बड्या कंपनीने लाली रोखणारं लॅरोपिप्रँट जोडून नायसिनची नवी महागडी गोळी आणली होती. तिच्याच पैशातून २५,००० हून जास्त रुग्णांवर एचपीएस-टू थ्राइव्ह ही चाचणी झाली. जवळजवळ चार वर्षांनंतर हृदयविकाराचं प्रमाण नायसिनच्या गटात १३.२ आणि दुसऱ्या गटात १३.७ टक्के, म्हणजे धरण्याजोगा फरक नाही. उलट नायसिनच्या गटात नवा मधुमेह, जुन्याची बिघडलेली साखर, जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव वाढले. २०१३ मध्ये ती गोळी बाजारातून मागे घेतली गेली. नफा हवा असलेल्या कंपनीचंच हे औषध बुडालं.

काकांना आधी हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलाय का, स्टॅटिन चालू आहे का आणि एलडीएल किती आहे, हे मला कळवा. एलडीएल जास्त असेल तर स्टॅटिनचा डोस वाढवणं किंवा इझेटिमाइब जोडणं, यांचा हृदयाला होणारा फायदा चाचण्यांत दिसलेला आहे. स्टॅटिन चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, आणि आत्ताच्या गोळीची बाटली डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या.