ग्राहकाला चांगला पासवर्ड ठेवू न देण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

आपण एखाद्या विमा कंपनीचे, पतसंस्थेचे किंवा बिल भरण्याचे संकेतस्थळ उभारत असाल, आणि नवे खाते उघडणाऱ्या ग्राहकाने चांगला पासवर्ड ठेवून निर्धास्त व्हावे हे आपल्याला मुळीच रुचत नसेल, तर पुढील मार्गदर्शन आपल्यासाठी आहे. ते माझे स्वतःचे नव्हे. गेल्या आठवड्यात ज्या संकेतस्थळावर मला नाइलाजाने खाते उघडावे लागले, त्याच्या अज्ञात निर्मात्याकडून मी ते शिकलो, आणि गुरुऋण म्हणून येथे नोंदवत आहे.

सर्वप्रथम स्पेस निषिद्ध ठरवावी, आणि ग्राहकाने ती वापरताच लाल रंगात ‘अवैध अक्षर’ एवढेच म्हणावे. कोणते अक्षर, ते त्याचे त्याने शोधावे.

त्यानंतर किमान एक मोठे अक्षर, एक अंक आणि एक चिन्ह सक्तीचे करावे. या सक्तीचा लाभ असा की, पासवर्ड मनमानी न राहता त्यात एक प्रकारची राष्ट्रीय एकात्मता येते. मोठे अक्षर सगळेच जण सुरुवातीला घालतात, अंक शेवटी येतात आणि मध्ये `@` बसते. म्हणजे `Ganpati@123` तयार झाला. आपला फॉर्म त्याच्यापुढे हिरव्या रंगात ‘सशक्त’ असे लिहितो. खाती फोडणाऱ्यांनाही हा साचा पाठ असल्यामुळे त्यांचा वेळ वाचतो. अमेरिकेतील मानके ठरवणाऱ्या निस्ट या सरकारी संस्थेत असताना बिल बर यांनी २००३ च्या सुमारास असे नियम लिहिले होते, आणि त्यातील बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असे त्यांनी स्वतःच २०१७ साली वृत्तपत्राला सांगितले. त्यांना पश्चात्ताप झाला म्हणून आपण का करावा?

आता मुख्य विषय, तो लांबीचा. माझा पासवर्ड एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या पाच मराठी शब्दांचा होता. अशा पासवर्डसाठी ७,७७६ शब्दांची यादी घेतात आणि एकेका शब्दासाठी फासा पाच वेळा टाकतात. यादी चोराच्या हाती असली तरी पाच शब्दांच्या शक्यता इतक्या होतात की, कळफलकावरील ९५ चिन्हांतून यादृच्छिकपणे निवडलेल्या आठ अक्षरांपेक्षा त्या चार हजारपटींहून अधिक भरतात. शिवाय हे पाच शब्द माणसाच्या लक्षात राहू शकतात. स्पेस चालत नाही म्हणून मी संयोगचिन्हे घातली, सक्ती आहे म्हणून एक अंक घातला, आणि असा काहीसा बत्तीस अक्षरांचा पासवर्ड तयार झाला:

```
Halad7-paus-kumbhar-khidki-dhaga
```

तो मी पासवर्ड मॅनेजरमध्ये जतन करून पहिल्या रकान्यात पेस्ट केला. त्या रकान्याला ही मर्यादा होती, जी पानावर कोठेही लिहिलेली नव्हती:

```
<input type="password" maxlength="16">
```

बहुतेक ब्राउझर अशा वेळी काहीही न बोलता पहिली सोळा अक्षरे ठेवतात आणि उरलेली टाकून देतात. आत राहिले ते `Halad7-paus-kumb`. त्यात मोठे अक्षर आहे, अंक आहे, चिन्ह आहे. सगळे नियम पाळले गेले. ‘पुन्हा लिहा’ या रकान्यात पेस्ट बंद असल्यामुळे मी पूर्ण पासवर्ड हाताने लिहिला, आणि तोही सोळाव्या अक्षरावर मुकाट्याने थांबला. दोन्ही तुकडे अर्थातच जुळले आणि खाते उघडले. प्रवेशाच्या पानावर मात्र ही मर्यादा घालायला निर्माते विसरले असावेत, कारण तेथे बत्तीसच्या बत्तीस अक्षरे पाठवली गेली आणि उत्तर आले, ‘पासवर्ड चुकीचा आहे’. काही प्रयत्नांनंतर खाते बंद झाले, आणि पासवर्ड बदलण्याच्या दुव्याने मला पुन्हा त्याच सोळा अक्षरांच्या रकान्यापाशी आणून सोडले. ज्यांच्यावर हा प्रसंग येईल त्यांनी पेस्ट केल्यावर डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारून शेवटचा शब्द दिसतो का ते पाहावे. डोळाही दिलेला नसेल तर ठिपके मोजावेत.

ही सोळाची मर्यादा येते कोठून? पासवर्ड नीट साठवला जात असेल तर तो जसाच्या तसा साठवला जातच नाही. त्याचा हॅश, म्हणजे त्यावरून गणिताने काढलेली आणि उलट फिरवता न येणारी खूण, साठवला जातो. बीक्रिप्ट ही प्रचलित पद्धत घेतली, तर पासवर्ड आठ अक्षरांचा असो वा बत्तीस, निघणारा हॅश साठच अक्षरांचा असतो, त्यामुळे जागा कमी पडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. बीक्रिप्टला स्वतःची मर्यादा आहे, पण ती ७२ बाइटची आहे. देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागत असल्यामुळे मराठीत लिहिणाऱ्याला ती २४ चिन्हांवर गाठेल हे खरे. परंतु स्पेसलाच घाबरणारा फॉर्म देवनागरीपर्यंत कशाला पोहोचतो! सोळाच्या आकड्याने एकच संशय बळावतो, की कोठेतरी सोळा अक्षरांचा रकाना आहे आणि माझा पासवर्ड त्यात उघडाच पडलेला आहे.

पेस्ट बंद करण्याचे समर्थन ‘सुरक्षेसाठी’ असे करावे, पुढचे कोणी विचारत नाही. विचारलेच, तर क्लिपबोर्ड वाचणारे व्हायरस असतात असे सांगावे. असा व्हायरस संगणकात असेल तर तो कळफलकावर दाबलेली अक्षरेही वाचू शकतो, हे सांगू नये. पासवर्ड मॅनेजर नकली संकेतस्थळाचा पत्ता ओळखून तेथे आपोआप पासवर्ड भरत नाही, हेही सांगू नये. हाताने लिहिण्याची सवय लागलेला माणूस मात्र तेथेही तो मनोभावे लिहितो.

दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलायला लावावा, म्हणजे `Ganpati@123` चा `Ganpati@124` होतो.

आता उपरोध पुरे. पेस्ट करू द्या, असे ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने २०१७ साली स्पष्ट लिहिले आहे. निस्टची २०१७ ची आणि २०२५ ची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे कोणालाही फुकट वाचता येतात. पासवर्ड हीच एकमेव कडी असेल तर किमान पंधरा अक्षरे मागा आणि निदान चौसष्ट स्वीकारा. स्पेस चालू द्या. अंक-चिन्हांची सक्ती काढून टाका. त्याऐवजी फुटलेल्या आणि सर्रास वापरल्या जाणाऱ्या पासवर्डांच्या यादीशी नवा पासवर्ड ताडून पाहा, आणि तो नाकारलात तर का नाकारला ते सांगा. पासवर्ड फुटल्याचा पुरावा असल्याखेरीज तो बदलायला लावू नका. कमाल मर्यादा ठेवायची असेल तर ती पानावर लिहा, दोन्ही पानांवर एकच ठेवा, आणि ती ओलांडली गेली तर तसे सांगा. माणसाने लिहिलेले गुपचूप कापून टाकू नका. यातल्या बहुतेक गोष्टींसाठी नवे काही लिहावे लागत नाही, उलट लिहिलेले पुसावे लागते, आणि तेवढेही तुमच्याने होत नाही. त्या फॉर्मवर एका माणसाने रंग निवडले, एकाने तपासणीचा कोड लिहिला, एकाने मंजुरी दिली, आणि यांपैकी एकानेही तीस अक्षरांचा पासवर्ड ठेवून, बाहेर पडून, पुन्हा आत येऊन पाहिले नाही. पाच मिनिटांचे काम होते.