मामांचं हाऊ आर यू

दिंडोरी तालुक्यात मामांची चार एकर द्राक्षबाग आहे आणि मी नाशकात गंगापूर रोडला इंग्रजीच्या शिकवण्या घेतो. वीस वर्षांत ह्या दोन धंद्यांची गाठ पडली नव्हती. डिसेंबरात एका संध्याकाळी मामा डोक्याला मफलर गुंडाळून दारात उभे राहिले.

"जानेवारीत इंग्लंडचा पाव्हणा प्लॉट बघायला येणारे. मला रामराम घालण्यापुरतं इंग्रजी शिकव. पुढचं द्राक्षं बोलतील."

रामराम घालण्यापुरतं म्हणजे पाच वाक्यं आणि त्यांची पाच उत्तरं. मी मनात म्हटलं, दोन दिवसांचं काम. दहावीला तीनदा बसलेली पोरं काठावर नेऊन सोडणारा माणूस मी, मामांचं काय घेऊन बसलात!

'हॅलो' त्यांना येत होतंच. फोन उचलताना हा शब्द म्हणावा हे एडिसननं १८७७ साली सुचवलं. टेलिफोनवाल्या बेलला 'अहॉय' हवं होतं. पण मामांचं हॅलो फोनवरचंच, तेही बागेत रेंज नसतानाचं: तीनदा, चढत्या आवाजात, तिसऱ्याला पलीकडच्या बांधावरचा माणूस वळून बघणार. समोरच्याला एकदाच आणि हळू म्हणायचं, एवढं घोटवण्यात पहिला दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी गुड मॉर्निंग. दुपारी बारापर्यंत मॉर्निंग, पुढे पाचेक वाजेपर्यंत आफ्टरनून, मग इव्हिनिंग. समोरच्यानं जे म्हटलं तेच आपण परत म्हणायचं. इथवर ठीक होतं.

"रात्री आठला कोण आलं तर?"

"गुड इव्हिनिंग."

"काळामिट्ट अंधार पडलाय आन् इव्हिनिंग?"

"मामा, गुड नाइट निरोपाला म्हणतात. आल्या आल्या गुड नाइट म्हटलं तर 'या आता' असं होतं."

मामांनी क्षणभर विचार केला. "वर्गणीवाले येतात त्यांना हे बरंय."

खरी वरात निघाली ती 'हाऊ आर यू'ला. अर्थ सांगितला, 'तुम्ही कसे आहात?' इथेच माझं चुकलं. मी पाहुणा झालो, हात पुढे केला आणि विचारलं, "हाऊ आर यू?" मामांनी खुर्ची ओढली, बसले आणि सुरू झाले. डावा गुडघा, त्याला लावलेलं तेल, ऑक्टोबर छाटणीनंतर पडलेला पाऊस, त्यानं वेलींवर आलेला डावणी रोग, फवारणीचा खर्च, मजुरांचे भाव. चहा आला, संपला. मामा अजून पुढच्या रोगापर्यंत, भुरीपर्यंत पोचले नव्हते.

"मामा, एवढं नाही सांगायचं. 'फाइन, थँक्यू. अँड यू?' बस्स."

"गुडघा फाइन कुठंय?"

"नसू दे."

"म्हंजे खोटं बोलायचं? पहिल्याच भेटीत? तो उद्या विचारंल, मालावर काय फवारलंय, तेव्हा माझ्यावर इस्वास कोण ठेवील?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिकवणीतली पोरं असं विचारत नाहीत. ती 'आय एम फाइन थँक्यू अँड यू' एका श्वासात, पाढ्यासारखं म्हणून मोकळी होतात.

उत्तर सापडलं सीबीएसला, एसटी स्टँडवर. मामांना दिंडोरीच्या गाडीत बसवायला गेलो होतो. त्यांच्या गावचा एक जण पिशवी सावरत आला. "काय मामा, कुठं निघाला?" समोर दिंडोरीची पाटी, मामांचा एक पाय पायरीवर. मामा म्हणाले, "हे काय, इथंच!" तो "बरंय" म्हणून गेलासुद्धा.

"मामा! त्यानं विचारलं कुठं निघालात, तुम्ही म्हणालात इथंच. हे खरं होतं?"

"आरं, ते विचारणं थोडंच असतंय? ते आपलं... बोलायचं म्हनून."

"हाऊ आर यू तेच आहे!"

ह्या 'बोलायचं म्हणून' बोलण्याला मालिनोव्स्की नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं १९२३ साली एक भारदस्त नाव दिलंय. मला ते एम.ए.ला पाठ होतं. समजलं एसटीच्या पायरीवर.

पुढच्या खेपेला 'फाइन, थँक्यू' बिनबोभाट आलं. अडलं ते 'अँड यू'पाशी. चेंडू परत टाकला नाही तर समोरचा तसाच उभा राहतो, आपण 'जेवलात का?'ला नुसतं 'हो' म्हणून गप्प बसल्यासारखं. आणि जोर कुठे द्यायचा तेही आहेच. पहिला विचारतो तेव्हा भार 'आर'वर, उलट विचारताना 'यू'वर: माझं झालं, आता *तुमचं* सांगा. हे शाळेत कुणी शिकवत नाही, आणि हे चुकलं की गोऱ्याला वाक्य पाठ केलेलं आहे हे लगेच कळतं. मामा भार सगळ्यावर सारखाच देत, खताच्या डोससारखा.

नंतर त्यांना एक पळवाट सापडली. दिवाळीच्या शुभेच्छांना नातू 'सेम टू यू' म्हणतो ते त्यांनी ऐकलं होतं. एक औषध, सगळ्या रोगांवर! गुड मॉर्निंग? सेम टू यू. हाऊ आर यू? सेम टू यू. 'नाइस टू मीट यू'ला मी 'नाइस टू मीट यू, टू' शिकवलं, तर म्हणाले, "शेवटी सेमच की." तसं पाहिलं तर चूक नव्हती, पण तोंडावर कबूल करायला मास्तर तयार होईना. त्यात हे वाक्य फक्त पहिल्या भेटीचं, दुसऱ्या भेटीपासून 'मीट'च्या जागी 'सी' येतो, हे सांगूनही मामा रोज सकाळी फोनवर मला नव्यानं भेटत राहिले.

पाचवं, 'हाउज इट गोइंग?' उत्तर सोपं: 'गुड, थँक्स.' मी विचारलं. मामांनी शब्द सुटे करून पाहिले. हाऊ, कसं. गोइंग, जातं.

"बाय टेम्पो," मामा म्हणाले.

"द्राक्षं नाही, मामा! हेसुद्धा 'काय चाललंय'सारखंच. कुणी कुठं जात नाही."

"मग गोइंग कशाला म्हनतात?"

आपल्याकडे तरी 'चाललंय' म्हणताना कोण चालतं, हे मला रात्री अंथरुणात सुचलं.

जानेवारीच्या मध्यावर पाहुणा आला. हवेत बोचरा गारठा, मामा इस्त्रीचा शर्ट घालून बांधावर उभे, ओठ हलतायत. मी शेजारी, पोरीच्या गॅदरिंगला आलेल्या आईसारखा. गाडीतून एक उंच गोरा उतरला, हात पुढे केला आणि म्हणाला, "ऑलराइट?"

माझ्या पोटात गोळा आला. पाचांतलं हे एकही नव्हतं! इंग्लंडात लोक सर्रास असंच म्हणतात, मला माहीत होतं. फक्त मामांना सांगायचं राहिलं होतं. नवख्याला वाटतं, हा आपल्या तब्येतीची चौकशी करतोय, आपण आजारी दिसतोय की काय. मामांनी माझ्याकडे एक नजर टाकली. तीन आठवड्यांच्या फीचा हिशोब होता त्या नजरेत. मग पाहुण्याचा हात घट्ट धरून दणक्यात म्हणाले, "ऑलराइट!"

गोरा खूश. ह्याचं उत्तर खरोखर तेच चालतं. मी आयुष्यात एवढं अचूक उत्तर शिकवलेलं नाही, आणि हेही शिकवलं नव्हतंच. सेम टू यू!

दोघं मांडवाखाली शिरले. पाहुण्यानं एक मणी तोडला, तोंडात टाकला, मान डोलावली आणि सहज म्हणाला, "सो, हाउज इट गोइंग?"

मी मागून खुणा करत होतो, गुड, गुड. मामांनी घडाखाली हात धरला.

"बाय कंटेनर," ते म्हणाले. "न्हावा शेवा."

पाहुण्यानं खिशातून डायरी काढली आणि लिहून घेतलं.