कंसात गेलेले पावणेदहा लाख

कॅश फ्लो स्टेटमेंट वाचता येतं असं म्हणणाऱ्या माणसाला मी फक्त एकच प्रश्न विचारते, ओरिजिनल वाचता येतं की झेरॉक्सच्या स्कॅनचा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो? कारण आमच्या नागपूरच्या धंतोलीतल्या ऑफिसात ओरिजिनल कधी येतच नाही. येतो तो फोटो, तोही मे महिन्यात, बँकेची सीसी लिमिट, म्हणजे धंद्याची कर्जमर्यादा, रिन्यू करायची असते तेव्हा, बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत कूलर नुसती गरम हवा फेकून राहिला असतो.

ह्यावेळी एका जिनिंगवाल्या पार्टीचा होता. आमच्या आर्टिकलने, म्हणजे हाताखाली सीए शिकणाऱ्या पोराने, तो फोटोतले आकडे वाचणाऱ्या ओसीआरमधून काढून एक्सेलमध्ये टाकला आणि म्हणाला, "मॅडम, टोटलच नाही जुळून राहिली." छापलेली टोटल १५,९०,०००, एक्सेल म्हणतं ३६,६०,०००. फरक २०,७०,०००. पार्टीला सांगितलं असतं तर खूश झाली असती.

आता अशा फरकाचा एक जुना नियम आहे, फरकाला दोनने भागायचं आणि तो आकडा कागदावर शोधायचा, कारण जो आकडा वजा व्हायचा तो अधिक झाला की टोटल त्याच्या दुपटीने चुकते. भागलं, १०,३५,००० आले. कागदावर असा आकडाच नाही. आर्टिकलचं तोंड असं झालं की जणू नियम मीच रात्री बसून बनवला होता.

नियम बरोबर होता, फक्त चुका दोन होत्या, आणि दोन चुका एकत्र झाल्या की अर्धा फरक कोणाचाच नसतो. म्हणून आधी कॉलम नीट बघायचा. आकडे एक्सेलमध्ये उजवीकडे चिकटतात आणि एक शहाणा डावीकडे चिकटला होता, क्रेडिटर्सची ओळ, `1,20,000-`. हा शेपटीवाला मायनस, काही अकाउंटिंग सॉफ्टवेअरं आकड्याच्या मागे लावतात, पार्टीच्या माणसाने ती ओळ तिथूनच उचलून चिकटवली असणार. एक्सेलला ते आकडा वाटत नाही, मजकूर वाटतो, आणि `SUM` मजकुराला विचारतसुद्धा नाही, गुपचूप सोडून देतो. म्हणजे इथे चूक दुप्पट नाही, एकपटच. स्वल्पविराम काढून `Text to Columns` मधून नेलं की शेवटच्या पायरीवर `Advanced` मध्ये मागच्या मायनसची खूण असते, तिने तो पुढे येतो. एकच ओळ असेल तर हाताने टाइप करा ना, त्याच्यासाठी एवढा सोहळा कशाला.

आता फरक १९,५०,०००. अर्धे ९,७५,०००. आणि हा आकडा मात्र होता, इन्व्हेंटरीच्या म्हणजे स्टॉकच्या ओळीत, साधा, कंस नसलेला, आणि हिशेबात कंस म्हणजेच मायनस. फोटो मोठा करून बघितला तर आकड्याच्या दोन्ही बाजूला कंसाची पुसट सावली दिसत होती, झेरॉक्समध्ये उडालेला. तो लावला: नफा १८,४०,०००, अधिक डेप्रिसिएशन ६,१०,०००, वजा ९,७५,०००, डेटर्स कमी झाले ते अधिक २,३५,०००, वजा १,२०,०००. झाले १५,९०,०००.

तरी कंस उडणं परवडतं, तो १ हा अंक होऊन परत येतो ते वाईट. `(3,20,000)` चं ओसीआर कधीकधी `13,20,0001` करतं, आणि तिथे अर्ध्याचा नियम कामाचा नाही. ते शेवटच्या स्वल्पविरामानंतर पकडायचं, तीनऐवजी चार अंक दिसले की कंस घुसलाय समजायचं.

टोटल जुळल्यावर पार्टीचा फोन. "मॅडम, आमचा स्टॉक तर वाढला, मग मायनस काऊन केलं हो?" मी म्हटलं, भाऊ, पावणेदहा लाखांच्या गाठी गोडाऊनमध्ये पडून आहेत, तेवढी कॅश तुमच्या खिशातून गेली की नाही? ओळीच्या नावातच (वाढ)/घट लिहिलंय, वाढ कंसात आहे म्हणजे कंसातला आकडा वाढीचा. नफा/(तोटा) चं पण तेच, आधी नाव वाचायचं मग आकडा. भाऊ म्हणाले, "पण बँकवाला मायनस पाहून घाबरेल ना." बँकवाला मायनस पाहून घाबरत नाही, छापलेली टोटल जुळली नाही की घाबरतो, पण हे भाऊंना पटलं असं वाटलं नाही.

इकडे आर्टिकल आता फॉर्मात आलेला. शिकलेलं ताबडतोब वापरायचं म्हणून त्याने खर्चाच्या नोटमधले कंसातले सगळे आकडे धडाधड मायनस करून टाकले, भाडं मायनस, वीजबिल मायनस, ऑडिट फीसुद्धा मायनस. मी नोटच्या खालची बारीक ओळ त्याला मोठ्याने वाचायला लावली: मागील वर्षाचे आकडे कंसात दिले आहेत.

"मग इथे मायनस कसं दाखवतात मॅडम?"

"कंसातच," मी म्हटलं, आणि त्याला कूलरमध्ये पाणी टाकायला पाठवलं.