गोणीमागे साठ पैसे

आमच्या आप्पांनी वाईत हार्डवेअर आणि रंगाचं दुकान अडतीस वर्षं चालवलं आणि मग एका पावसाळ्यात त्यांच्या दोन्ही गुडघ्यांनी एकमताने राजीनामा दिला. दुकान विकायला आप्पा तयार नव्हते, चालवायला मी तयार नव्हतो. मी पुण्यात नोकरी करतो आणि अर्ध्या इंचाचा एल्बो नि पाऊण इंचाचा टी यांतला फरक मला अजूनही पिशवीवरच्या अक्षरांवरून कळतो. तेव्हा मॅनेजर ठेवायचा ठरला. त्यांना सगळं गाव 'भाऊ' म्हणतं, म्हणून मीही भाऊच म्हणतो. ते मला 'दादा' म्हणतात. या नात्यात थोरला कोण, हे तीन वर्षांत ठरलेलं नाही.

पगार ठरला महिना अठरा हजार. भाऊ हुशार माणूस. पाइपचं माप डोळ्यांनी सांगतात, पेंटर मंडळी त्यांना मानतात. फक्त एक झालं. आप्पा दुकान साडेआठला उघडायचे, भाऊ साडेनऊला उघडू लागले. गवंडी आणि प्लंबर सामान घेतात ते कामावर जाताना, म्हणजे साडेनऊच्या आत. ही गिऱ्हाइकं पलीकडच्या आळीत गेली. भाऊंचं त्यात काय गेलं? काहीच नाही. पहिल्या तारखेचे अठरा हजार जागेवर होते.

त्यात एकदा माडीवर वॉटरप्रूफिंगच्या केमिकलचे चाळीस डबे सापडले. आमच्याकडे वर्षाला दहा जातात. मागवले का, तर 'स्कीम होती'. स्कीममधला मिक्सर भाऊंच्या घरी चटण्या वाटत होता आणि डबे माझ्या माडीवर जुने होत होते.

माझी मावसबहीण कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. तिला हे रडगाणं ऐकवलं तर तिचा चेहरा उजळला. डॉक्टरांना दुर्मीळ पुरळ दिसलं की उजळतो तसा. म्हणाली, "अरे, हा प्रिन्सिपल-एजंट प्रॉब्लेम! काम एकाचं, करणार दुसरा. दोघांची गरज वेगळी, आणि करणारा किती झटतोय ते मालकाला दिसत नाही. यातली एक जरी गोष्ट नसती तर भांडण नव्हतं. तुला दिसत असतं तर तू झटण्याचेच पैसे दिले असतेस. दोघांची गरज एक असती तर बघायचीच गरज नव्हती."

मी म्हटलं, मराठीत काय म्हणतात याला? पुस्तकात काहीतरी 'अभिकर्ता' वगैरे आहे म्हणे. मला आपला गुमास्ता बरा वाटतो. आपल्याकडे दुकानाच्या नोंदणीला गावोगाव 'गुमास्ता लायसन'च म्हणतात. भांडवल मालकाचं, धास्ती मालकाची, आणि लोकांच्या तोंडी नाव मात्र गुमास्त्याचं! ज्याने हा शब्द रूढ केला त्याला सगळं आधीच कळलेलं असणार.

दिसत नाही ना? मग दिसेल अशी सोय करू, म्हणून मी चार कॅमेरे बसवले. खर्च बावीस हजार. पहिल्या आठवड्यात मोबाइलवर दुकान बघताना मला स्वतःचंच कौतुक वाटलं. भाऊ सतत काउंटर पुसत होते. दुसऱ्या आठवड्यातही पुसत होते. काउंटर आरशासारखा झाला, विक्री होती तिथेच. गिऱ्हाइकाला 'हा प्रायमर नको, तुमच्या भिंतीला ओल आहे, आधी ती बघा' असं सांगण्याची कळकळ कॅमेऱ्यात दिसत नाही. फडकं दिसतं. कौटिल्याने अर्थशास्त्रात लिहूनच ठेवलंय की पाण्यातला मासा पाणी कधी पितो ते जसं कळत नाही, तसं सरकारी कामावरचा माणूस पैसे कधी खातो ते कळत नाही. भाऊ पैसे खात नव्हते, हे मी आजही शपथेवर सांगेन. ते फक्त दमत नव्हते.

आणि एके दिवशी ऑफिसच्या मीटिंगमध्ये साहेबांनी माझं नाव तीनदा पुकारलं. मी टेबलाखाली मोबाइल धरून भाऊ जेवायला किती वेळ घेतात ते मोजत होतो. बावीस मिनिटं. त्याच बावीस मिनिटांचा पगार मला माझी कंपनी देत होती. बहिणीला हे सांगितल्यावर ती पोट धरून हसली. मग म्हणाली, की जेन्सन आणि मेकलिंग यांनी 1976 साली या दुखण्याचा खर्च मांडला, त्यात नजर ठेवण्याचा खर्च मालकाच्याच नावावर टाकलाय. 'तुझ्या साहेबाचा वेळ मात्र त्यांनी धरला नव्हता.'

कॅमेरे राहिले, मी बघणं सोडलं. आता विक्रीवर कमिशन द्यायचं ठरवलं. बारा हजार पगार, वर विक्रीच्या दोन टक्के. भाऊंनी हिशेब मनात केला आणि दुसऱ्या दिवशी आठला शटर वर. महिनाअखेर विक्री चार लाखांवरून साडेआठ लाखांवर! मी घरी पेढे नेले. आप्पांनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही. म्हणाले, "काय विकलं?"

सिमेंट विकलं होतं. बाराशे गोण्या.

हार्डवेअरच्या धंद्यात सिमेंट म्हणजे पाहुण्यांसाठी मांडलेला सोफा. जागा अडवतो, शोभा देतो, पैसा देत नाही. गोणी तीनशे ऐंशीची, आणि हमाली-भाडं जाऊन आम्हाला सुटतात सात रुपये. खरा पैसा एल्बो, टी, नळ, ब्रश, सँडपेपरात. पण वीस रुपयांच्या एल्बोवर भाऊंना मिळणार चाळीस पैसे, तेही चार डबे उपसून. सिमेंटच्या एका फोनवर शंभर गोण्या जातात. त्यांनी फोन उचलला. माणूस शहाणा असेल तर तो हेच करणार.

आप्पांनी पाकिटाच्या मागे मांडून दाखवलं. तीनशे ऐंशीचे दोन टक्के सात रुपये साठ पैसे. सुटतात सात. म्हणजे प्रत्येक गोणीमागे मी पदरचे साठ पैसे घालून लोकांची घरं बांधून देत होतो. बाराशे गोण्यांचे सातशेवीस. ही रक्कम फार नव्हती. फार होतं ते पुढे. निम्म्या गोण्या उधारीवर गेल्या होत्या, कारण कमिशन बिलावर होतं, वसुलीवर नव्हतं. उरलेला साठा मागच्या खोलीत जुलैची ओल पीत होता. सिमेंट दोन-तीन महिने पडलं की ताकद उतरू लागते, आणि ओलीत गड्डे होतात. गोणीचा कोपरा दाबून बघायचा, पीठ लागलं तर ठीक, खडा लागला तर गेली. मी दाबल्या त्यांतल्या एकोणीस गोण्यांनी खडा दिला.

बहिणीने यावेळी पेनच काढलं. एका माणसाकडे चार कामं असतील आणि त्यातलं एकच मोजता येत असेल, तर मोजलेल्यावर जोरदार बक्षीस लावू नये. बाकीची तीन कामं उपाशी मरतात. होल्मस्ट्रॉम आणि मिलग्रॉम यांनी 1991 मध्ये हे गणिताने दाखवलं. होल्मस्ट्रॉमला 2016 साली अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं, ते याच करारांच्या अभ्यासासाठी. आप्पांना पाकिटाच्या मागे लिहिल्याबद्दल काही मिळालं नाही. तो पेढाही शेवटी मीच खाल्ला.

मग नफ्यावर. पंधरा हजार पगार आणि निव्वळ नफ्याचे पंधरा टक्के. आता आमची गरज एक झाली, असं मला वाटलं. भाऊंनाही वाटलं. पण माझा नफा पुढच्या दहा वर्षांचा होता आणि त्यांचा या महिन्याचा. खर्च कापला की नफा वाढतो, हे त्यांना पहिल्याच रात्री उमगलं. टेम्पोने माल पोचवणं बंद. आणि रंग मिसळायच्या मशीनची देखभाल बंद. त्या मशीनच्या नळ्या रोज साफ कराव्या लागतात, नाहीतर रंगाचा थेंब तोंडाशी सुकतो आणि मोजून पडायचा तो कमी पडतो. दिसायला काही बिघडत नाही. बिघडलेलं दिसतं भिंतीवर. एका गुरुजींनी दिवाणखान्याला फिकट पिस्ता सांगितला होता. चौथी भिंत नव्या डब्याने रंगवली आणि ती आजारी माणसाच्या जिभेसारखी निघाली. मिसळलेला रंग कंपनी परत घेत नाही. गुरुजींनी ती भिंत सगळ्या गावाला दाखवली, चहासकट.

तेवढ्यात दुकानासमोरचा रस्ता खणला गेला. दोन महिने गिऱ्हाइकाला फळीवरून यावं लागे. नफा चाळीस हजारांवरून आठ हजारांवर आला आणि भाऊंच्या हाती वरचे सहा हजार यायचे तिथे बाराशे आले. ते पुण्याला माझ्या घरी आले, चहा घेतला आणि शांतपणे म्हणाले, "दादा, रस्ता मी खणला का?"

याला उत्तर नव्हतं. मागच्या दिवाळीत सगळं गाव घरं रंगवत होतं तेव्हा त्यांना फुकटात जास्त मिळालं, आणि आता फुकटात कमी. दोन्ही वेळा त्यांच्या झटण्याचा संबंध नव्हता. शिवाय मला पुण्याचा पगार आहे. त्यांचं सगळं घर या एका दुकानावर. खड्ड्याचा धोका ज्याला पेलवतो त्यानेच घ्यायला हवा, आणि तो मी होतो. मी उलट विचारलं, "मग दुकानच चालवायला घेता का? महिना पंचवीस हजार मला द्या, बाकी सगळं तुमचं." भाऊंनी बशी खाली ठेवली. "आणि पुन्हा रस्ता खणला तर?"

आता चालू आहे तो करार चौथा. पगार पुन्हा अठरा. प्रत्येक मालावर सुटलेल्या पैशाचे दहा टक्के, पण गिऱ्हाइकाचे पैसे हातात आल्यावरच. सिमेंटला काही नाही, ते आप्पा फोनवरून बघतात. दिवाळीचं बक्षीस विक्री वाढली म्हणून नाही. रंग कंपनीचा माणूस सांगतो तालुक्यात खप किती वाढला, आपण त्याच्या वर गेलो तरच. गाव रंगवतंय म्हणून मिळणारं श्रेय त्यातून गळून पडतं. आणि तीन महिन्यांनी मी न सांगता जातो, चिठ्ठ्या टाकून वीस वस्तू मोजतो. एकदा पितळी कोयंड्यांचे दोन डझन कमी भरले. पुढच्या चिठ्ठीला ते जास्त भरले. मी विचारलं नाही.

या मेमध्ये पुण्याचा फ्लॅट रंगवायला काढला. पेंटर एकाच कंपनीच्या बादलीसाठी अडून बसला. बादलीत पेंटरसाठी टोकन निघतं हे मला ठाऊक होतं, पण मी गप्प बसलो. निदान माल तरी आपल्या दुकानाचा घेऊ म्हणून भाऊंना फोन लावला. बिल आलं अडतीस हजारांचं, छापील भावाने. वर टेम्पोभाडं.

"भाऊ, मालकाला सूट नाही?"

"दादा, तुम्हाला चार हजार सोडले तर माझे चारशे जातात," भाऊ म्हणाले. "आणि पैसे आजच पाठवा. आल्याशिवाय माझं धरत नाहीत."