उलटी गोळीनंतर किती वेळाने झाली?

"पिल्स चालू असताना दारू घेतली तर लिव्हर आधी गोळीच फोडून टाकतं, असर रातोरात जातो. पार्टी असेल तर त्या दिवशी दोन गोळ्या घ्या, नाहीतर तो महिना गोळी बंदच ठेवा. उलटी झाली तर अख्खं पाकीट वाया. सगळ्या मैत्रिणींना पाठवा."

डिसेंबर संपत आला की गर्भनिरोधक गोळ्यांविषयीचा हा मजकूर सोलापुरात मोबाइलवरून पुन्हा फिरू लागतो आणि त्यानंतरच्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात घाबरलेल्या मुली येतात. त्यांची भीती खरी असते, म्हणून यातील एकेका विधानाचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

यकृताविषयीचे विधान चुकीचे आहे. यकृतात दारूचे विघटन प्रामुख्याने एका विकराकडून होते, तर गोळीतील इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन यांचे विघटन मुख्यतः दुसऱ्याच विकरांकडून होते. गोळीचा परिणाम कमी व्हायचा असेल, तर हार्मोन फोडणाऱ्या या दुसऱ्या विकरांचे काम बराच काळ वाढलेले राहावे लागते. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरील फेनिटोइन किंवा कार्बामाझेपाइन ही औषधे नेमके तेच करतात, त्यामुळे ती चालू असणाऱ्या स्त्रीने डॉक्टरांशी बोलून गर्भनिरोधनाचे दुसरे साधन निवडले पाहिजे. दारूमुळे तसे घडत नाही. एक मर्यादा मात्र सांगायला हवी: दीर्घकाळच्या व्यसनाने ज्यांना गंभीर यकृत सिरोसिस झाला आहे, त्यांनी या गोळ्या घेऊ नयेत, आणि त्याचे कारण गोळीचा असर जातो हे नसून हार्मोनचा भार त्या यकृताला झेपत नाही हे आहे.

दोन गोळ्या घेण्याच्या सल्ल्याने संरक्षण दुप्पट होत नाही, फक्त मळमळ वाढते, म्हणजे ज्या उलटीची धास्ती आहे तीच जवळ येते. महिनाभर गोळी बंद ठेवण्याचा सल्ला तर या मजकुरातील सर्वांत घातक भाग आहे. हार्मोनच्या गोळ्या थांबल्या की स्त्रीबीज ज्यात तयार होते तो बीजकोश पुन्हा वाढू लागतो आणि तो दाबून धरायला सलग सात दिवसांच्या गोळ्या लागतात. दारूच्या भीतीने गोळी थांबवणारी स्त्री, दारूने जे बिघडले नसते, ते स्वतःच्या हाताने बिघडवते.

आता उलटीकडे येऊ, कारण संपूर्ण मजकुरात सत्याच्या जवळ जाणारी गोष्ट हीच एक आहे. गोळी आतड्यातून रक्तात शोषली जायला वेळ लागतो. त्यापूर्वी जोराची उलटी झाली, तर गोळी किंवा तिचा काही भाग बाहेर पडू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात यासाठी दोन तासांची आणि ब्रिटनमधील मार्गदर्शनात तीन तासांची मर्यादा धरली जाते. मी माझ्या रुग्णांना तीन तास धरायला सांगते. तीन तास उलटून गेल्यावर झालेल्या उलटीने त्या गोळीचे काही बिघडत नाही. रात्री दहाला गोळी घेतली आणि सकाळी डोके ठणकत असताना उलटी झाली, तर काहीही वेगळे करायचे नाही.

एक प्रसंग तपशिलाने पाहू. जुळे सोलापुरात राहणारी एक तरुणी माला-एन घेते असे समजा. या पाकिटात हार्मोनच्या २१ आणि शेवटी लोहाच्या सात, अशा २८ गोळ्या असतात. ती रोज रात्री दहाला गोळी घेते. शनिवारी तिने पाकिटातील बारावी गोळी वेळेवर घेतली, त्या रात्री मद्य बरेच झाले आणि साडेअकराला तिला उलटी झाली. दीड तासच झालेला असल्यामुळे ही गोळी गेली असे धरावे. पोट शांत झाल्यावर आणि ती पूर्ण शुद्धीवर असताना तिने हार्मोनची आणखी एक गोळी घ्यावी. अर्धवट शुद्धीत असलेल्या मुलीच्या तोंडात मैत्रिणींनी गोळी आणि पाणी कधीही घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते; गोळी सकाळपर्यंत थांबू शकते. ही जादा गोळी त्याच पाकिटातील पुढची घेतली, तर हार्मोनच्या गोळ्या एक दिवस आधी संपतील आणि लोहाच्या एक दिवस आधी सुरू होतील, एवढाच फरक पडेल. रविवारची गोळी नेहमीप्रमाणे रात्री दहालाच घ्यायची.

ती शनिवारी झोपी गेली आणि रविवारी रात्रीपर्यंत तिला काहीच आठवले नाही, तरी ती एकच गोळी चुकलेली ठरते. शुक्रवारची गोळी जिरलेली आहे आणि आधीच्या गोळ्या नियमित झालेल्या आहेत, त्यामुळे आठवताच एक गोळी घ्यावी आणि पुढे चालू ठेवावे. त्याच दिवशी दोन झाल्या तरी हरकत नाही. कंडोमची किंवा तातडीच्या गोळीची गरज नाही. "अख्खं पाकीट वाया" हे म्हणणे इथे पूर्णपणे कोसळते.

काळजीची रेषा त्यापुढे आहे. रविवारचीही गोळी उलटीत गेली किंवा राहून गेली आणि सोमवारी रात्रीचे दहा वाजले, तर शुक्रवारच्या गोळीला ७२ तास होतात आणि सलग दोन गोळ्या चुकल्या असे ठरते. मग चुकलेल्यांपैकी शेवटची एक गोळी लगेच घ्यावी, बाकीच्या रोजच्या वेळी चालू ठेवाव्यात आणि सलग सात दिवस गोळ्या होईपर्यंत कंडोम वापरावा. हे पाकिटाच्या तिसऱ्या आठवड्यात घडले, तर लोहाच्या गोळ्या सोडून हार्मोनच्या गोळ्या संपताच नवे पाकीट सुरू करावे. पहिल्या आठवड्यात घडले आणि गेल्या पाच दिवसांत संबंध आला असेल, तर तातडीच्या गोळीविषयी विनाविलंब डॉक्टरांना विचारावे, कारण लोहाच्या सात दिवसांना जोडून आणखी खंड पडणे हेच सर्वांत जोखमीचे असते. उलटी लोहाच्या गोळीनंतर झाली असेल, तर मात्र निश्चिंत राहावे.

मला दिसलेली अडचण शास्त्राची कमी आणि संकोचाची जास्त असते. मुली "जेवण बाधले" असे सांगतात आणि नेमकी वेळ लपवतात. उलटीचे कारण दारू होते की शिळे मटण, याने माझ्या सल्ल्यात तसूभरही फरक पडत नाही. मला फक्त गोळीची वेळ, उलटीची वेळ आणि ती पाकिटातील कितवी गोळी होती, एवढेच हवे असते. त्यासाठी कोणाही डॉक्टरने किंवा आशाताईने कोणाला दरडावू नये, असे मला मनापासून वाटते.

ज्यांच्या मेजवान्या रात्रीच असतात, त्यांनी गोळीची वेळ सकाळच्या चहाबरोबर आणावी. शुक्रवारची गोळी रात्री दहाला घेतली असेल, तर शनिवारची सकाळी आठलाच घ्यावी आणि तिथून सकाळची वेळ धरावी. दोन गोळ्यांमधले अंतर असे एकदा कमी झाल्याने संरक्षण घटत नाही. रात्री उलटी होईल तोवर सकाळची गोळी केव्हाच जिरलेली असते, आणि जास्त पिऊन झोपल्यामुळे गोळी विसरण्याचा प्रकार, जो मला उलटीहूनही अधिक वेळा आढळतो, तोही टळतो.

तातडीची गोळी म्हणजे लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांसाठी हा हिशोब अधिक कडक आहे. तिथे आधीच्या गोळ्यांचा आधार नसतो, म्हणून तीन तासांच्या आत उलटी झाली, तर दुसरी गोळी शक्य तितक्या लवकर घ्यावीच लागते.