मुख्यालय सोडून लीड्सला

परदेशी शिकायला जाताना सगळ्यात अवघड लेखन कुठलं, असं कुणी विचारलं तर मी आयएल्ट्सचा निबंध नाही सांगणार, जिल्हा परिषदेचा रजेचा अर्ज सांगेन. निबंधात निदान आपलं मत लिहिता येतं. अर्जात मत नसतं, मार्फत असतं. वर ‘प्रति, मा. मुख्य कार्यकारी अधिकारी’ आणि त्याखाली मार्फत मुख्याध्यापक, मार्फत केंद्रप्रमुख, मार्फत गटशिक्षणाधिकारी, मार्फत शिक्षणाधिकारी (प्राथमिक). इतकी माणसं उतरवून होईपर्यंत अर्धं पान संपतं आणि मी अजून रजा मागितलेलीच नसते.

रजा साधी नव्हे, अध्ययन रजा. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये ती आहे. साधारणपणे एका वेळी बारा महिने आणि सगळ्या नोकरीत मिळून चोवीस. माझा एम.ए. एज्युकेशनचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, म्हणजे हिशेब बसत होता. मात्र शिक्षणाचा आपल्या कामाशी थेट संबंध आहे, हे दाखवावं लागतं. मी प्राथमिक शिक्षक आणि विषय शिक्षणशास्त्र. तरी कार्यालयातल्या क्लार्कभाऊंनी विचारलंच, “पण गुरुजी, डी.एड. झालंय ना तुमचं?” शिवाय बंधपत्र: परत येऊन ठरावीक काळ नोकरी करीन, नाहीतर रजेतला पगार परत करीन.

मग रजेचा छापील नमुना. त्यातला एक रकाना मला फार आवडतो: रजेच्या काळात मुख्यालय सोडणार काय? आम्ही शिक्षकांनी शाळेच्या गावीच राहायचं, अशी अपेक्षा असते आणि गाव सोडायचं तर परवानगी लागते. मी लिहिलं, “होय.” पुढे ‘रजेच्या काळातील पत्ता’. वसतिगृहाची खोली अजून मिळालेली नव्हती, म्हणून नुसतं ‘लीड्स, इंग्लंड’ लिहिलं. अर्ज परत आला. शेरा: तालुका व जिल्हा नमूद करावा.

आता इंग्रजी प्रतीकडे. ब्रिटनच्या व्हिसासाठी कागद इंग्रजीत हवा, नाहीतर सोबत प्रमाणित भाषांतर. एजंट म्हणाला, शाळेचं रजेचं पत्र जोडा, म्हणजे तुम्ही परत येणार हे दिसेल. इथे खरी गंमत सुरू झाली. आमची शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. मराठी अर्जात मला सिद्ध करायचं होतं की माझ्यावाचून काहीही अडणार नाही. म्हणून लिहिलं, “माझ्या अनुपस्थितीत शैक्षणिक कामकाजावर कोणताही विपरीत परिणाम होणार नाही.” इंग्रजी पत्रात अगदी उलट. मी गेलो तर शाळा माझी वाट पाहत बसेल, मी म्हणजे संस्थेचा आधारस्तंभ, असं दाखवायचं होतं. दोन्हींवर सही एकाच मुख्याध्यापकांची. सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा पुसला आणि विचारलं, “यातला नक्की कोण जाणार आहे?”

इंग्रजी मसुदा सरांनीच दुरुस्त केला. सुरुवात ‘विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हम्बल सबमिशन’ अशी. मी म्हणालो, सर, हे पत्र तुमच्याकडून जाणार आहे, तुम्ही कशाला नम्र व्हायचं? सर म्हणाले, “साहेबाला लिहायचंय ना? राहू दे.”

त्यानंतरचा प्रवास कागदाचा. कार्यालय म्हणालं, प्रवेश पक्का झाल्याचं पत्र आणा, मग रजा मंजूर करू. विद्यापीठाचं पत्र सशर्त होतं. आगाऊ फी भरल्याशिवाय व्हिसासाठी लागणारं कॅस, म्हणजे प्रवेशनिश्चितीचा दाखला, द्यायला ते तयार नव्हते. फीसाठी कर्ज हवं. बँक म्हणाली, नोकरी शाबूत राहणार याचा पुरावा म्हणून रजामंजुरीचा आदेश आणा. आदेश कार्यालयाकडे आणि कार्यालय पक्क्या पत्राच्या प्रतीक्षेत. हे म्हणजे विहिरीवर रहाट, पण पोहरा नाही. शेवटी मेहुण्याने फीपुरते उसने दिले, तेव्हा गाठ सुटली. राहण्याखाण्याचा खर्च खात्यात सलग 28 दिवस शिल्लक दिसावा लागतो. त्या काळात मी त्या पैशांकडे पाहिलंसुद्धा नाही, न जाणो व्याजाऐवजी नजरच लागायची.

आदेश निघाला. शेजारच्या शाळेतले एक गुरुजी तात्पुरत्या कामगिरीवर आमच्याकडे येणार, हेही ठरलं. सगळं झाल्यावर केंद्रप्रमुखांचा फोन आला. “अभिनंदन! एक राहिलंच. पोषण आहाराची रोजची माहिती, शाळेच्या नोंदींचं यूडायस, सगळं तुमच्याच मोबाइलला जोडलेलं आहे ना? ओटीपी कुठे येणार?”

म्हटलं, माझ्याकडे.

“मग सिम इथेच ठेवून जा,” ते म्हणाले. “तसं अर्जात एका ओळीत नमूद करून पुन्हा मार्फत पाठवा.”