कर्ज माफ होत नाही, तक्त्यात लिहिलंय तेवढंच फिटतं

"काका, हे गेले म्हणजे आता कर्ज माफ होईल ना? लोन घेताना बँकेतल्या साहेबांनी तसंच सांगितलं होतं."

डिसेंबर २०२४. तेरावं होऊन दोन दिवस झाले होते. प्रश्न विचारणारी आमच्याच मजल्यावर राहते, वय अडतीस, मला मुलीसारखी. तिला इथे स्मिता म्हणतो, नाव बदललेलं आहे. नवरा एक्केचाळिसाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. तिच्या परवानगीने लिहितोय. आकडे मात्र गोल केलेत.

मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची नऊ कर्ज विभागात. त्यामुळे तिने फाइल माझ्यासमोर ठेवली तेव्हा पहिलं पान न बघताच मला माहीत होतं की "माफ" हा शब्द त्यात कुठेही सापडणार नाही. बँक कर्ज माफ करत नाही. विमा कंपनी एक ठरलेली रक्कम बँकेला देते आणि तेवढ्याने खातं खाली येतं. ती रक्कम किती, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्सच्या मागच्या पानावर, बारीक अक्षरातल्या एका तक्त्यात असतं. तो तक्ता त्या घरात कोणीच वाचलेला नव्हता.

फाइलमधून आधी भलताच विमा निघाला. आग, भूकंप वगैरेसाठी घराचा म्हणजे इमारतीचा विमा. माणूस गेला तर त्यातून एक पैसा मिळत नाही. बऱ्याच घरांत हाच कागद "लोनचा विमा" म्हणून जपून ठेवलेला असतो. खरं सर्टिफिकेट तिच्या नवऱ्याच्या ईमेलमध्ये सापडलं. हा गट विमा असतो. मुख्य पॉलिसी बँकेच्या नावावर, आणि कर्जदाराला मिळतं ते त्यातलं सदस्यत्वाचं हे सर्टिफिकेट.

आता हिशेब. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी १५ वर्षांसाठी ५० लाख घेतले, त्या वेळचा व्याजदर ६.९ टक्के. या ५० लाखांतले घरासाठी गेले ४८ लाख ८० हजार. उरलेले १ लाख २० हजार हा विम्याचा एकरकमी प्रीमियम. तो वेगळा भरायला लागला नाही, कर्जातच मिळवला, म्हणून कोणाला जाणवलाही नाही. दरमहा ४४,६६२ रुपयांच्या हप्त्यातले साधारण १,०७० रुपये त्या प्रीमियमचे होते. १५ वर्षं धरली तर १ लाख २० हजारांचे १ लाख ९३ हजार होतात. ही पद्धत सोयीची वाटते, पण विम्यावर व्याज भरायची कल्पना मला नोकरीत असतानाही पटली नव्हती. तरी "इथे सही करा, नाहीतर फाइल पुढे सरकायला वेळ लागेल" असं मीही लोकांना म्हटलेलं आहे. विमा घेतल्याशिवाय कर्ज नाही असं बँकेला म्हणता येत नाही. म्हणूनच ते तसं म्हटलं जात नाही, नुसतं सुचवलं जातं.

हे कव्हर घटतं असतं. कर्ज जसजसं फिटेल तसतशी विम्याची रक्कम कमी होत जाते. ऐकायला रास्त आहे. पण कर्जाची आजची शिल्लक बघून ती कमी होत नाही. पहिल्याच दिवशी, त्या दिवसाचा व्याजदर आणि मुदत धरून एक तक्ता छापला जातो आणि पुढची सगळी वर्षं तो तसाच राहतो. कर्ज मात्र रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी जोडलेलं, फ्लोटिंग, म्हणजे रेपो बदलला की त्याचाही व्याजदर बदलतो.

२०२२ साली काय झालं ते आठवा. मे महिन्यात रेपो ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये तो साडेसहावर पोचला. यांचा दर ६.९ वरून टप्प्याटप्प्याने ९.४ झाला. बँकेने हप्ता तोच ठेवला आणि मुदत वाढवली. घरात कोणाला काही जाणवलं नाही, कारण खात्यातून तेवढेच पैसे जात होते. फरक आत पडला होता. सुरुवातीला हप्त्यातले साधारण १६ हजार मुद्दलात जात. दर ९.४ झाल्यावर सातेक हजार जायला लागले.

जुन्या दराच्या तक्त्याप्रमाणे ३८ हप्त्यांनंतर शिल्लक हवी होती ४३ लाख २६ हजार. प्रत्यक्ष खात्यात होती ४६ लाख १४ हजार. विमा कंपनी देणार तक्त्यातला आकडा. म्हणजे २ लाख ८८ हजारांची तूट, आणि यात ना विमा कंपनीने फसवलं, ना एकही हप्ता चुकला होता. फक्त दोन कागद वेगवेगळ्या वाटेने गेले आणि ते एकमेकांशी ताडून बघा असं कोणी सांगितलं नाही.

मुदतीचंही तेच. व्याजदर तिथेच राहिला असता तर १५ वर्षांचं ते कर्ज जवळपास सहा वर्षं लांबलं असतं. विमा मात्र पंधराव्या वर्षी संपला असता. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला निवडू द्या. ते पत्र अनेकांना आलं असेल. "तुमची मुदत वाढली, पण विमा वाढलेला नाही" हे वाक्य त्यात नसतं.

उलटही होतं, आणि ते फारसं कोणाला माहीत नसतं. तुम्ही मधे पाच-दहा लाख भरून कर्ज कमी केलंत, तरी अशा कव्हरचा तक्ता सहसा तोच राहतो. मग तक्त्यातली रक्कम शिल्लक कर्जापेक्षा जास्त असते आणि वरचे पैसे बँकेचे नसतात, ते नॉमिनीचे. म्हणून माणूस गेल्यावर "खातं बंद झालं" एवढ्यावर समाधान मानू नका. विमा कंपनीने एकूण किती रक्कम मंजूर केली, त्याचं पत्र मागा.

स्मिताकडे दुसरी अडचण निघाली ती तब्येतीच्या घोषणापत्राची. नवऱ्याला मधुमेह होता, गोळ्या चालू होत्या. हॉस्पिटलच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं, "मधुमेह, सहा वर्षांपासून". आणि २०२१ च्या फॉर्मवर सगळ्या प्रश्नांपुढे "नाही". खुणा बँकेतल्या माणसाने केल्या होत्या, सही याची होती. विमा कंपनीने जुने उपचारांचे कागद मागितले तेव्हा मला धस्स झालं. मग तारखा मोजल्या. कव्हर सुरू झाल्याला तीन वर्षं आणि दोन महिने झाले होते. विमा कायद्याचं कलम ४५ सांगतं की तीन वर्षं उलटल्यावर कोणत्याही कारणाने आयुर्विमा पॉलिसीवर शंका घेता येत नाही. आम्ही कागद दिले आणि सोबतच्या पत्रात या कलमाचा उल्लेख केला. दावा मंजूर झाला. तीन महिने आधी हे घडलं असतं तर त्या "नाही"वरून दावा अडकला असता, आणि तिला विमा लोकपालाकडे जावं लागलं असतं.

माझं म्हणणं एवढंच, तो फॉर्म स्वतःच्या हाताने भरा. शुगर, बीपी, थायरॉइड, जे असेल ते लिहा. प्रीमियम वाढला तर वाढू दे.

या सगळ्या काळात हप्ता थांबत नाही. नातेवाईक सांगतात, "आता भरू नकोस, विमा येतोय." मी तिला भरायला लावलं. दावा निकाली निघेपर्यंत व्याज चालूच असतं, नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं, आणि ती सहकर्जदार होती. ती नुसती वारस असती तर वारशात जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच जबाबदारी आली असती. पण सहकर्जदाराची सही म्हणजे पूर्ण कर्जाची जबाबदारी. पगार तिचाही होता, तीन हप्ते तिने भरले.

इथे मला आणखी एक गोष्ट खटकली. कर्ज दोघांचं, हप्ता दोघांच्या पगारातून, विमा मात्र एकट्या नवऱ्याचा. देव न करो, पण ती आधी गेली असती तर एक रुपया मिळाला नसता आणि हप्ता तोच राहिला असता. दोघांचे पगार धरून कर्ज मिळालंय तर दोघांचाही विमा हवा.

दाव्याची वाट मोठी नव्हती, पण प्रत्येक कागदाला आपापला वेळ लागला. बँकेला लेखी कळवून पोच घेतली. पालिकेच्या आर उत्तर वॉर्डातून मृत्यूचा दाखला काढला. हॉस्पिटलचे कागद, सर्टिफिकेट, नॉमिनीचे केवायसी जोडले. बँकेकडून मृत्यूच्या तारखेचं कर्जाचं स्टेटमेंट घेतलं. हे शेवटचं मुद्दाम मागून घ्या, कारण कव्हर त्या तारखेचं धरतात. मार्चमध्ये ४३ लाख २६ हजार बँकेत जमा झाले. तिचे तीन हप्ते गेल्यावर खात्यावर तेव्हा ४५ लाख ८८ हजार होते. उरले २ लाख ६२ हजार. ते तिने नवऱ्याच्या पीएफच्या पैशातून भरले.

मग असा विमा घ्यावा की नाही? मधुमेह, हृदयविकार यांमुळे ज्याला वेगळा टर्म इन्शुरन्स मिळतच नाही, त्याने खरी माहिती देऊन हे गट कव्हर मिळत असेल तर जरूर घ्यावं. तरुण, धडधाकट माणसाने मात्र मी वेगळा टर्म प्लॅनच घ्यायला सांगेन. त्याचं कव्हर घटत नाही. कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं तरी तो तुमच्याबरोबर राहतो. जुन्या बँकेच्या कव्हरचं मात्र पुढे काय होणार हे विचारून घ्यावं लागतं. आणि पैसे थेट बायकोच्या हातात येतात. लग्न झालेला माणूस पॉलिसी घेतानाच ती १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली करू शकतो. मग ते पैसे बायको-मुलांचे, त्याच्या धनकोंना त्यावर हात घालता येत नाही. बायको स्वतः सहकर्जदार असेल तर कर्जाची जबाबदारी तिच्यावर राहतेच, पण घर ठेवायचं की विकायचं, एकदम फेडायचं की हप्ते चालू ठेवायचे, हे ती ठरवते.

ज्यांनी आधीच घेतलाय त्यांनी या रविवारी दोन कागद शेजारी ठेवा: बँकेच्या ॲपवरची आजची शिल्लक आणि सर्टिफिकेटवरच्या तक्त्यातली या महिन्याची रक्कम. कव्हरची शेवटची तारीख आणि कर्जाची शेवटची तारीखही बघा. गेल्या वर्षभरात मी ओळखीतल्या चार घरांत हे करायला लावलं. एका घरी कर्ज २० वर्षांचं होतं आणि विमा फक्त ५ वर्षांचा. तो संपूनही गेला होता.

कर्ज पूर्ण फिटल्यावर घराचे मूळ कागद बँकेने ३० दिवसांत परत द्यायचे असतात, बँकेच्या दिरंगाईमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. स्मिताला सव्विसाव्या दिवशी बोलावलं. करारनामा, इंडेक्स टू, स्टँप ड्युटीची पावती, शेअर सर्टिफिकेट, कर्ज घेताना मिळालेल्या यादीशी तिने एकेक कागद ताडून घेतला. पावतीवर सही करण्याआधी ती पूर्ण वाचली, दोनदा. काउंटरवरचा मुलगा घड्याळाकडे बघत होता. मी त्याला म्हटलं, "वाचू दे तिला."